नळीतून औषध देताना: न कुटायच्या गोळ्या आणि पाण्याचं माप

समजा, चार वर्षांचा, बारा किलो वजनाचा एक मुलगा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे आणि फिट्सही येतात. गिळताना ठसका लागतो, दूध श्वासनलिकेत जातं, दर महिन्याला छाती भरते. म्हणून डॉक्टरांनी नाकातून जठरापर्यंत नळी घातली. मोठ्यांच्या वॉर्डात हिला राइल्स ट्यूब म्हणतात, लहान मुलांची असेल तर बहुतेक जण नुसतं फीडिंग ट्यूब म्हणतात. डिस्चार्जच्या वेळी दुधाचं माप आणि वेळा आईला नीट समजावून सांगितल्या जातात. औषधांबद्दल मात्र बऱ्याचदा एवढंच सांगतात, “गोळी बारीक करून पाण्यातून नळीत सोडा, ताई.” प्रश्न या एका वाक्यातून सुरू होतो.

या मुलाच्या फिट्सच्या गोळीच्या पट्टीवर ‘क्रोनो ३००’ असं छापलेलं आहे. आत सोडियम व्हॅल्प्रोएट असतं. गोळी अख्खी पोटात गेली तर औषध तिच्यातून तासन्‌तास थोडं थोडं झिरपत राहावं, अशी तिची घडण असते. म्हणूनच ती दिवसातून एकदा किंवा दोनदा दिली तरी पुरते. आईने ती खलबत्त्यात कुटली की ही घडणच मोडते. दिवसभरात सुटायचं औषध तास-दोन तासांत रक्तात उतरतं. मूल सुस्त होतं, कधी उलटी करतं. त्यात मुलांच्या शरीरातून व्हॅल्प्रोएट मोठ्यांपेक्षा लवकर बाहेर पडतं. त्यामुळे पुढच्या डोसच्या आधीच्या तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण खाली जातं आणि नेमकी तेव्हा फिट येते. आई सांगते, “औषध चालू आहे, तरी फिट आली.” गोळी कुटली जाते हे डॉक्टरांना माहीत नसेल, तर डोस कमी पडतो असं समजून ते तो वाढवतात. वाढलेला डोसही कुटलाच जातो. या चक्रात मूल एकाच दिवसात जास्त औषधाचाही त्रास भोगतं आणि कमी औषधाचाही.

यावर उपाय सोपा आहे आणि बहुतेक मेडिकलमध्ये मिळतो. व्हॅल्प्रोएटचं सिरप येतं, नेहमीचं माप ५ मिलीला २०० मिलिग्रॅम. दिवसाला ३०० मिलिग्रॅम हवं असेल तर सकाळी १५० आणि रात्री १५०, म्हणजे प्रत्येक वेळी पावणेचार मिली. पण हा बदल आईने स्वतःच्या अंदाजाने करायचा नाही. सिरप लवकर सुटतं, त्यामुळे दिवसाचा डोस किती वेळांत विभागायचा हे डॉक्टरांनीच लिहून द्यायला हवं.

कुटू नये अशी गोळी ओळखायची कशी? आधी पट्टीवर नावामागची अक्षरं पाहावीत. एसआर, सीआर, ईआर, एक्सआर, एमआर, रिटार्ड, क्रोनो यांपैकी काही दिसलं तर ती हळूहळू सुटणारी गोळी समजावी. फिट्सची कार्बामाझेपिन सीआर, रक्तदाबाची निफेडिपिन रिटार्ड, दीर्घकाळ चालणारी मॉर्फिनची गोळी, पोटॅशियमची एसआर गोळी ही त्यातली ठळक नावं. मॉर्फिनची अशी गोळी कुटून दिली तर सगळा डोस एकदम चढून मुलाचा श्वास थांबू शकतो. पण अक्षरं नाहीत म्हणजे गोळी कुटायला हरकत नाही, असंही मानू नये. काही कंपन्या असं काहीच छापत नाहीत. अशा वेळी फार्मासिस्टला सरळ विचारावं, “ही नळीतून द्यायची आहे, कुटली तर चालेल का?” आणि नळी जठरात आहे हेही सांगावं.

दुसरा गट ॲसिडपासून जपलेल्या गोळ्यांचा. पट्टीवर एंटेरिक कोटेड, ईसी किंवा डीआर असं लिहिलेलं असतं. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही औषधं जठरातल्या ॲसिडमध्ये नासतात, म्हणून त्यांच्यावर ॲसिड झेलणारा थर चढवलेला असतो. तो थर कुटला की औषध जठरातच वाया जातं आणि जळजळ आहे तशीच राहते. ओमेप्राझोलच्या कॅप्सूलमधले बारीक दाणे कुटले तरी हेच होतं. न कुटता तसेच सोडले तर ते बारीक नळीत अडकून बसतात. मुलांसाठी पाण्यात विरघळणारी लान्सोप्राझोलची गोळी बरी पडते. तिच्यात ॲसिड झेलणारे अगदी बारीक कण असतात. थोड्या पाण्यात टाकून हलवली की ते सुटे होतात आणि आठ नंबरच्या किंवा त्याहून जाड नळीतून जातात. पाच किंवा सहा नंबरच्या नळीत ही गोळीही तुंबू शकते.

तिसरा गट देणाऱ्याच्या जिवाशी निगडित आहे. मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरिन, मायकोफेनोलेट यांसारख्या गोळ्या घरात कधीही कुटायच्या नाहीत, कारण त्यांची धूळ श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जाते. घरात गर्भवती बाई असेल तर हा धोका फारच गंभीर आहे. ही औषधं द्यायचीच असतील तर पातळ रूपात कशी मिळतील, हे रुग्णालयाच्या फार्मसीनेच सांगावं.

आता पाण्याकडे वळू. माझ्या मते नळीतून औषध देताना सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट पाणीच आहे. नळीवरचा नंबर तिची बाहेरची जाडी सांगतो. तीन नंबर म्हणजे एक मिलिमीटर, त्यामुळे आठ नंबरची नळी बाहेरून पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास भरते आणि आतली पोकळी त्याहूनही अरुंद असते. अर्ध्या मीटर लांबीच्या अशा नळीत साधारण एक मिली द्रव मावतो. औषध ढकलून तसंच सोडून दिलं तर शेवटचा मिलीभर भाग नळीतच राहतो. पावणेचार मिलीच्या डोसमधला एक मिली म्हणजे चौथा हिस्सा झाला. शिवाय मागे राहिलेलं औषध पुढच्या दुधाला भेटतं, दुधातलं प्रथिन साकळतं आणि नळी बंद पडते.

त्यासाठी औषधाआधी, प्रत्येक दोन औषधांच्या मध्ये आणि शेवटी पाणी सोडायचं. घरच्या मोठ्या मुलासाठी आधी आणि नंतर ५ ते १० मिली, मध्ये ३ ते ५ मिली, ही नेहमी वापरली जाणारी मापं आहेत. तान्ह्यासाठी ती बरीच कमी असतात, नळी स्वच्छ होईल एवढं एक-दोन मिली, आणि कमी दिवसांच्या बाळासाठी त्याहूनही कमी. तुमच्या बाळाचं माप डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावं. पाणी उकळून कोमट केलेलं असावं.

आपल्या मुलाची सकाळ पाहू. आधी नळी जागेवर आहे ना, हे पाहायचं. नाकाशी नळीवर केलेली खूण हललेली नसावी. सिरिंजने अगदी थोडा द्रव ओढून पीएच पट्टीवर टाकायचा, ५.५ किंवा त्याहून कमी आला तर नळी जठरात आहे. हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्यावर विसंबू नये, फुप्फुसात गेलेल्या नळीतूनही तसा आवाज येतो. लान्सोप्राझोल घेणाऱ्या मुलाचा पीएच जास्त येऊ शकतो. तसा आला किंवा द्रव मिळालाच नाही, तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीही सोडू नये. मूल खोकू लागलं, निळसर झालं किंवा श्वासाला त्रास झाला तर तिथेच थांबावं.

साडेसहाला ५ मिली पाणी, मग ५ मिलीत सोडलेली लान्सोप्राझोल, मग पुन्हा ५ मिली पाणी. अर्ध्या तासाने पुन्हा ५ मिली पाणी. त्यानंतर सिरप पावणेचार मिली, त्यात तितकंच म्हणजे साधारण ४ मिली पाणी मिसळलेलं, कारण घट्ट सिरप नळीला चिकटतं. मध्ये ३ मिली पाणी. मग स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेनची अर्धी गोळी, हळू सुटणारी नव्हे तर साधी, अगदी बारीक पूड करून १० मिलीत. शेवटी ५ मिली पाणी, आधी ते वाटीत फिरवायचं म्हणजे वाटीच्या कडेला राहिलेली पूडही आत जाते. सकाळचं पाणी ४२ मिली झालं. रात्री लान्सोप्राझोल नसतं, म्हणून २७. दिवसाला ६९ मिली. बारा किलोच्या मुलाला दिवसभरात साधारण ११०० मिली द्रव लागतो, त्यात हे सहज बसतं.

आता चार किलोचं, हृदयाला जन्मजात छिद्र असलेलं बाळ घ्या. डॉक्टरांनी त्याला दिवसाला ४०० मिलीच द्रव ठरवून दिलाय. ६९ मिली त्याच्यासाठी सहाव्या हिश्श्याहून जास्त झाले. तेवढं पाणी पोटात गेलं तर एक तर दूध कमी करावं लागेल आणि वजन वाढणार नाही, नाहीतर छातीत पाणी साठेल. म्हणून त्याच्या फ्लशचं पाणीही दिवसाच्या हिशेबात धरायचं असतं. तो हिशेब वॉर्डातल्या सिस्टरसोबत बसून करावा, आणि औषधं शक्यतो पातळ रूपातच मागावीत.

सगळी औषधं एकाच सिरिंजमध्ये मिसळून देण्याचा मोह होतो, वेळ वाचतो म्हणून. तसं करू नये. ती एकमेकांत साकळतात, आणि उलटी झाली तर कोणतं किती गेलं हे कळत नाही. दुधाच्या बाटलीतही औषध घालू नये. दूध अर्धंच गेलं तर डोसही अर्धाच जातो. फिट्सच्या फेनिटोइनचं तर दुधाशी अजिबात जमत नाही. दूध आणि हे औषध पाठोपाठ दिलं तर औषध कमी शोषलं जातं, म्हणून मध्ये एक-दोन तासांचं अंतर ठेवायला सांगतात. दुधाच्या वेळा त्याप्रमाणे बसवाव्या लागतात.

सिरपची एक बाजू फारशी बोलली जात नाही. काही सिरपांत गोडीसाठी सॉर्बिटॉल असतं आणि दिवसाला चार-पाच सिरपं चालू असलेल्या मुलाला त्यानेच जुलाब होतात. नवं सिरप सुरू झाल्यापासून शी पातळ झाली असेल तर हे डॉक्टरांच्या कानावर घालावं.

आणि नळी तुंबलीच तर? सिरिंज दाबताना नेहमीपेक्षा जोर लागतो, हीच पहिली खूण. लहान सिरिंजने जोर करू नये, ती जितकी लहान तितका आतला दाब जास्त, नळी फाटू शकते. मोठ्या सिरिंजने थोडं कोमट पाणी हळूच पुढे-मागे करावं, काही मिनिटं थांबून पुन्हा करावं. कोल्ड्रिंक किंवा लिंबूपाणी घालू नये, आंबटपणाने दूध आणखी घट्ट होतं. तार तर कधीच घालायची नाही. मोकळी झाली नाही तर नळी बदलावीच लागेल. फिट्सच्या औषधाची वेळ जवळ आली असेल तर सकाळपर्यंत थांबू नये. औषधाची बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जावं. गिळता न येणाऱ्या मुलाला ते चमच्याने तोंडातून पाजू नये. आणि औषध दिल्यावर लगेच उलटी झाली तरी डोस आपणहून पुन्हा देऊ नये. किती वेळाने उलटी झाली ते फोनवर सांगून विचारावं.