भाडेकरूचं फर्निचर, मालकाचं घर

पुण्यातल्या टू-बीएचकेचं भाडं महिना २५ हजार ठरलंय. आत मात्र नुसता ओटा, बाकी भिंती मोकळ्या. भाडेकरू म्हणतो, ‘‘काका, ट्रॉल्या, कपाटं आणि फॉल्स सीलिंग मी माझ्या पैशाने करून घेतो. दोन लाख होतील. तुम्ही मला आठ महिने भाडं माफ करा.’’ हिशेब सरळ दिसतो, पण तो तसाच मान्य करू नये.

पहिला प्रश्न असा, की भाडेकरू गेल्यावर मागे काय राहणार आणि पुढच्या भाडेकरूला ते उपयोगी पडेल का? ट्रॉल्या आणि भिंतीतली कपाटं, समजा १ लाख २० हजारांची, राहतील. उरलेले ८० हजार फॉल्स सीलिंगचे. ती हौस भाडेकरूची, म्हणून खर्चही त्याचा. म्हणजे मालकाने मानायची रक्कम १ लाख २० हजार, तीही पक्की बिलं पाहून.

दुसरा प्रश्न ती फेडायची कशी. सुरुवातीचे महिने सलग माफ केले आणि भाडेकरू सहाव्या महिन्यात निघून गेला, तर मालकाच्या हाती भाडं जवळपास काहीच लागत नाही. त्यापेक्षा दरमहा ५ हजार वजा करून २० हजार घ्यावेत. २४ महिन्यांत हिशेब पूर्ण होतो. भाडेकरू आधीच गेला तर उरलेली रक्कम सोडावी, मालकाने घर रिकामं करायला लावलं तर ती परत द्यावी, हे आधीच ठरवावं.

इथेच नेहमीचा ११ महिन्यांचा करार आड येतो. २४ महिन्यांत वसूल होणारा खर्च ११ महिन्यांच्या कागदावर करणं भाडेकरूला धोक्याचं आहे. महाराष्ट्रात मुदत कितीही असली तरी लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीचीच आहे. मग करार २४ महिन्यांचा का करू नये? नोंदणी झाली नाही, तर १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५नुसार अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. तोंडी माफीचा वाद झाला की हे मालकाला महागात पडतं.

मालकाने आणखी एक जपावं. १८८२च्या सुखाधिकार कायद्याच्या कलम ६०नुसार, परवान्याच्या भरवशावर परवानाधारकाने स्वतःच्या खर्चाने कायमस्वरूपी काम केलं असेल, तर परवाना रद्द करण्याला हरकत घेता येते. म्हणून करारात कामांची यादी, रक्कम, वजावटीचा हप्ता आणि ‘मुदत संपल्यावर या कामामुळे ताब्याचा कोणताही हक्क उरणार नाही’ हे वाक्य हवंच. भिंत पाडणं किंवा नळाच्या लाइन हलवणं असेल, तर सोसायटीची लेखी परवानगी मालकाने आधी घ्यावी.

करारावर सह्या आणि नोंदणी होईपर्यंत सुताराला घरात पाऊल टाकू देऊ नका.