एक हजाराचा हप्ता, पाचशे नव्वदचा दंड

जुलैच्या सुरुवातीला एक परिचारिका माझ्याकडे पासबुक घेऊन आल्या. मी साताऱ्यात म्युच्युअल फंडाचं वितरकाचं काम करतो, आणि त्यांच्या तीन एसआयपी मीच लावून दिल्या होत्या. दरमहा 5 तारखेला प्रत्येकी एक हजार. पासबुकातल्या तीन ओळींवर त्यांनी बोट ठेवलं. तिन्ही ओळींत ACH RTN CHRG असं छापलेलं होतं आणि पुढे प्रत्येकी 590 रुपये. "हे कोणी कापले, दादा? फंडाने का?"

फंडाने नाही. हप्ता वटला नाही म्हणून म्युच्युअल फंड गुंतवणूकदाराकडून दंड घेत नाही. त्या महिन्याचे युनिट मिळत नाहीत, एवढंच. दंड घेते ती आपलीच बँक, जिथे आपलं बचत खातं आहे ती. बहुतेक ठिकाणी तो अडीचशे ते पाचशे रुपयांच्या आसपास असतो आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. पाचशेवर नव्वद, म्हणून 590. बँकेतले लोक अजूनही सवयीने याला 'ईसीएस रिटर्न' म्हणतात, पण आज हा व्यवहार 'नॅच' या व्यवस्थेतून होतो, आणि ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवते.

एसआयपी सुरू करताना आपण एका मँडेटवर सही करतो किंवा ओटीपी देतो. माझ्या खात्यातून अमुक रकमेपर्यंत पैसे काढायला हरकत नाही, अशी ती बँकेला दिलेली परवानगी असते. ठरलेल्या दिवशी फंडाची बँक अशा सगळ्या हप्त्यांची यादी नॅचकडे पाठवते आणि तिथून ती आपल्या बँकेकडे येते. बँकेची यंत्रणा ही मागणी बहुधा सकाळीच खात्यावर लावते. त्या क्षणी पुरेशी शिल्लक असेल तर पैसे जातात, नसेल तर 'शिल्लक अपुरी' या शेऱ्यासह मागणी परत जाते. दुपारी दोनला पगार जमा झाला तरी उपयोग नसतो. एसआयपीच्या बाबतीत त्याच महिन्यात पुन्हा मागणी सहसा येत नाही. म्हणून मी लोकांना सांगतो, 5 तारखेची एसआयपी म्हणजे 4 तारखेच्या रात्री पैसे खात्यात हवेत.

या बाईंचा पगार ठरलेल्या तारखेला होत नसे. कधी 3 तारखेला, कधी 7 तारखेला. जूनमध्ये तो 6 तारखेला आला. 5 तारखेच्या सकाळी खात्यात 740 रुपये होते. तीन मागण्या आल्या, तिन्ही परत गेल्या. इथेच बहुतेकांची गल्लत होते. आपल्या मनात ती तीन हजारांची एक गुंतवणूक असते, पण बँकेच्या लेखी ते तीन वेगळे व्यवहार. दंडही तीन वेळा, म्हणजे 1,770 रुपये.

पुढचं जास्त वाईट. हा दंड त्याच दिवशी कापला गेला नाही, 2 जुलैला कापला गेला. बाईंनी जुलैच्या हप्त्यांसाठी जपून 3,200 रुपये खात्यात ठेवले होते. त्यातून 1,770 गेले आणि 1,430 उरले. 5 जुलैला पहिली एक हजाराची मागणी वटली, उरलेल्या 430 रुपयांत बाकीच्या दोन वटणार कशा? पुन्हा दोन दंड, 1,180 रुपये. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा हे दोन दंड अजून पासबुकात उमटलेच नव्हते. मी जूनच्या तीन ओळी समजावून दिल्या आणि पुढच्या महिन्यात शिल्लक नीट ठेवा, एवढं सांगून त्यांना पाठवलं. ही माझी चूक. 5 तारखेला काय झालं हे मी तेव्हाच पाहायला हवं होतं.

ऑगस्टसाठी त्यांनी 3,100 रुपये ठेवले. 2 तारखेला त्यातून 1,180 कापले गेले, 1,920 उरले. पुन्हा एक हप्ता वटला, दोन परत गेले. सप्टेंबरमध्ये आणखी 1,180. तीन महिन्यांत त्यांची गुंतवणूक झाली दोन हजारांची आणि दंड गेला 4,130 रुपये. पैसे ठेवायची त्यांची तयारी होती, त्यांनी ते ठेवलेही होते. आधीच्या महिन्याचा दंड पुढच्या महिन्याचा हप्ता खात होता.

योगायोगाने दोन्ही महिन्यांत वटला तो एकाच फंडाचा हप्ता. बाकीच्या दोन एसआयपींचे सलग तीन हप्ते चुकले आणि त्या नियमाप्रमाणे आपोआप बंद झाल्या. मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते परत गेले की फंड ती रद्द करतो. बाईंना ही शिक्षा वाटली. मला विचाराल तर या प्रकरणात त्यांच्या बाजूने घडलेली ही एकच गोष्ट होती, कारण दंडाचं चक्र त्यामुळे थांबलं.

त्यांना आणखी एक धास्ती होती, की यामुळे सिबिल खराब होईल, पुढे घराचं कर्ज मिळणार नाही. तसं होत नाही. कर्जाचा हप्ता चुकला तर देणं थकतं आणि त्याची नोंद होते. एसआयपी हे कोणाचं देणं नाही. चुकलेला महिना नंतर त्याच फंडात एकरकमी हजार रुपये भरून सहज भरून काढता येतो. दंड मात्र भरून निघत नाही. वर्षाला 12 टक्के वाढ धरली तरी एक हजार रुपयांवर 590 रुपये सुटायला चार वर्षांहून जास्त काळ लागतो. म्हणून महिना तंगीचा दिसत असेल तर हप्ता बाऊन्स होऊ देण्यापेक्षा तो थांबवलेला बरा. बऱ्याच फंडांत एक ते तीन महिने एसआयपी स्थगित ठेवायची सोय असते. अर्ज मात्र हप्त्याच्या आदल्या दिवशी करून चालत नाही, निदान आठवडा-दोन आठवडे आधी करायला हवा.

आम्ही दोघं बँकेत गेलो. खात्यात पैसे असताना दंड लागला असता, तर त्या सकाळचा उतारा दाखवून तो परत मागता आला असता, आणि बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता आलं असतं. इथे शिल्लक खरोखरच अपुरी होती, त्यामुळे हक्क सांगता येत नव्हता. तरीही बाईंनी लेखी विनंती केली आणि शाखाधिकाऱ्यांनी शेवटच्या महिन्याचे 1,180 रुपये परत जमा केले. विचारल्याशिवाय तेही मिळाले नसते.

मग चालू असलेली तिसरी एसआयपीही आम्ही थांबवली आणि तीन हजारांची एकच नवी लावली, 12 तारखेची. मँडेट जुनंच चाललं, कारण त्याची कमाल मर्यादा पाच हजारांची होती. आता महिन्याला मागणी एकच येते. चुकून परत गेली तरी दंड एकच लागेल, आणि 12 तारखेपर्यंत पगार झालेला असतो.

निघताना त्यांनी विचारलं, उद्या नोकरी बदलली आणि पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत गेलं तर? तर आधी फंडाकडे एसआयपी बंद करायची, ती बंद झाल्याचा मेसेज येऊ द्यायचा, आणि मगच जुन्या बँकेतलं मँडेट रद्द करायचं. लोक उलट करतात. मँडेट रद्द करतात किंवा खातं रिकामं करून विसरून जातात. फंडाला त्याचा पत्ता नसतो, तो दरमहा मागणी पाठवत राहतो आणि त्या रिकाम्या खात्यावर दंड चढत जातो. पुढे कधी त्यात चार पैसे जमा झाले, की बँक आधी तो दंड वळता करून घेते.