चूक मोजायची कशी?

पुण्यातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजचं वसतिगृह, मशीन लर्निंगच्या ओरलची आदली रात्र. दोघी मैत्रिणी आळीपाळीने एक्स्टर्नल होऊन एकमेकींना प्रश्न विचारताहेत. एकीला केतकी म्हणू, दुसरीला रूपाली. धडा आहे ‘लॉस फंक्शन’चा. संगणकाचा अंदाज खऱ्या उत्तरापासून किती चुकला, हे एका आकड्यात सांगणारं सूत्र म्हणजे लॉस फंक्शन. तो आकडा कमी करत नेणं हेच मशीनचं शिकणं.

“स्क्वेअर्ड एररमध्ये फरकाचा वर्ग करायचा, अ‍ॅब्सोल्यूटमध्ये चिन्ह सोडून नुसता फरक घ्यायचा,” रूपाली धडाधड म्हणते.

“मग कुठलं वापरशील?”

“स्क्वेअर्ड. सगळे तेच वापरतात.”

एक्स्टर्नलचा पुढचा प्रश्न इथेच येतो. केतकी वहीत पाच दिवसांचा बसचा उशीर लिहिते: 5, 6, 7, 8 आणि 74 मिनिटं. पाचव्या दिवशी घाटात दरड कोसळली असं समजायचं. “आता सहाव्या दिवसाचा उशीर एकाच आकड्यात सांग.”

“सरासरी. 20.”

“पाचांपैकी एका तरी दिवशी 20च्या आसपास उशीर होता का?”

नव्हता. तरीही स्क्वेअर्ड एरर 20वरच येऊन थांबते. तिथे फरकांच्या वर्गांची बेरीज 3650 होते. 7 हा अंदाज धरला तर 4495. कारण वर्ग केला की प्रत्येक दिवस आपल्या अंतराच्या प्रमाणात अंदाजाला ओढतो. 20वर उभं राहून पाहिलं, तर चार दिवस एका बाजूला 15, 14, 13 आणि 12 असे मिळून 54ने ओढतात आणि दरडीचा एकटा दिवस दुसरीकडे 54नेच.

अ‍ॅब्सोल्यूट एररमध्ये मात्र जवळचा असो की लांबचा, प्रत्येक दिवसाची ओढ सारखीच. 7वरून 8कडे सरकलं तर तीन दिवसांची चूक एकेक मिनिटाने वाढते, दोनच दिवसांची घटते, म्हणजे तोटाच. उत्तर 7 येतं, म्हणजे मधला आकडा, मीडियन. 74च्या जागी 740 लिहिले तरी ते हलत नाही.

“म्हणजे अ‍ॅब्सोल्यूटच चांगलं?”

“बसची वाट बघणाऱ्याला, हो. पण महिनाभरात एकूण किती मिनिटं वाया जातील हे काढायचं असेल, तर दरडीचा दिवस विसरून कसं चालेल? तिथे सरासरीच हवी.”

ही निवड संगणकाहून फार जुनी आहे. लजांद्रने वर्गांची पद्धत 1805 साली छापली. बॉस्कोविचने नुसत्या फरकांची बेरीज त्याआधी, अठराव्या शतकातच वापरली होती. वर्गांचं गणित कागदावर सहज सुटतं, म्हणून तीच पद्धत रूढ झाली. तिच्या लोकप्रियतेत सोयीचा वाटा मोठा आहे, हे पाठ्यपुस्तकं जरा दबक्या आवाजात सांगतात.

आता रूपाली एक्स्टर्नल. “हाताने लिहिलेले 0 ते 9 अंक ओळखायचे आहेत. ट्रेनिंग सुरू केल्या केल्या लॉस 2.3 दिसतो. काय समजशील?”

केतकी अडते. इथला लॉस असतो क्रॉस-एन्ट्रॉपी. मशीन दहाही अंकांना शक्यता वाटतं. खऱ्या अंकाला जेवढी शक्यता दिली, तिच्या नैसर्गिक लॉगचं उणे चिन्ह काढलं की लॉस मिळतो. काहीच न शिकलेलं मशीन प्रत्येक अंकाला साधारण 0.1 देणार, आणि त्याचा लॉस 2.3 येणार. म्हणजे सुरुवात ठीक आहे. पण हाच आकडा बऱ्याच वेळानंतरही तसाच राहिला, तर मशीन अजून ठोकताळेच मारतंय. तेव्हा चित्रं आणि त्यांची लेबलं यांची सांगड चुकली आहे का, हे आधी तपासायचं.

“मग इथे स्क्वेअर्ड का नको?”

“होय-नाहीचं उदाहरण घे. खरं उत्तर होय, पण मशीन होयला 0.01च देतं. स्क्वेअर्ड एरर 0.98. ती कितीही चुकलं तरी 1च्या वर जात नाही. क्रॉस-एन्ट्रॉपी 4.6.”

“नुसता दंड मोठा म्हणून?”

“नाही, सुधारणेचा धक्काही मोठा म्हणून.” शक्यता सिग्मॉइडमधून येत असेल, तर या चुकीवर स्क्वेअर्डचा ग्रेडियंट जेमतेम 0.02 भरतो, क्रॉस-एन्ट्रॉपीचा 0.99. स्क्वेअर्ड वापरलं तर मशीन ठामपणे चुकलेलं असतानाच सगळ्यात सावकाश सुधारतं. क्रॉस-एन्ट्रॉपीलाही एक खोड आहे: खऱ्या उत्तराला नेमकं 0 दिलं तर लॉस अनंत होतो. म्हणून प्रोग्राममध्ये शक्यता 0पेक्षा किंचित वर रोखून धरतात, नाहीतर पडद्यावर लॉसच्या जागी `inf` किंवा `nan` दिसू लागतं.