आठवीच्या गणिताच्या वहीतून नववीची शिदोरी

गडमुडशिंगीतल्या आठवीच्या मुलांनो, वर्षअखेरीचा उजळणी-संच करताना सगळ्या टिपा पुन्हा उतरवू नका. जी टीप नववीत लागणार आहे, तीच घ्या. प्रत्येक पानावर तीन ओळी पुरतात: पहिल्या सत्रात काय शिकलो, दुसऱ्यात त्यावर काय चढलं, नववीत ते कुठे भेटेल.

बालभारतीच्या पुस्तकातलं एक पान करून पाहू.

📘 अवयव: x² + 5x + 6 = (x + 2)(x + 3)
📗 बहुपदींचा भागाकार: त्याच राशीला (x + 2) ने भागलं की (x + 3) येतं, बाकी शून्य.
📙 नववी, बहुपदी: x = −2 ठेवलं की किंमत 4 − 10 + 6 = 0. हाच शेष सिद्धांत. बाकी शून्य म्हणून (x + 2) हा अवयव.

तिन्ही ओळींत उदाहरण एकच ठेवा, म्हणजे दुवा डोळ्यांना दिसतो.

नेहमीची चूक चिन्हाची: x = 2 ठेवलं तर 20 येतात. भागाकारात बाकी शून्य असताना इथे 20 आले, की चिन्ह तपासा.

शेवटी उत्तरं झाकून x² + 7x + 12 साठी तिन्ही ओळी स्वतः लिहा. जी ओळ अडेल, त्या सत्राची वही उघडा.