चेक परत आला, आणि वाक्य संपेना

चेक न वटल्याबद्दलचा फौजदारी खटला ज्या तरतुदीखाली चालतो, ते परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चे कलम १३८ मुळात इंग्रजीत एकाच वाक्याचे आहे. १९८८ साली दुरुस्ती करून ते या जुन्या कायद्यात घालण्यात आले. चेक कोणी काढला, कशासाठी काढला, तो का परत आला, शिक्षा किती आणि शेवटी कोणत्या अटी पाळल्या गेल्या पाहिजेत, एवढे सगळे त्या एका वाक्यात आहे. शिक्षा आधी येते आणि अटी परंतुकात, म्हणजे ‘परंतु’पासून सुरू होणाऱ्या शेपटात. इंग्रजी वाचकालाही ते वाक्य दोनदा वाचावे लागते. ते तसेच्या तसे मराठीत आणले, तर दोनदा वाचूनही भागत नाही. एकाच क्रमाने उतरवलेले वाक्य असे दिसते :

‘एखाद्या व्यक्तीने तिने बँकेत ठेवलेल्या खात्यातून दुसऱ्या व्यक्तीला कोणत्याही कर्जाच्या किंवा अन्य दायित्वाच्या पूर्णतः किंवा अंशतः फेडीसाठी कोणतीही रक्कम देण्याकरिता काढलेला कोणताही धनादेश, त्या खात्यात जमा असलेली रक्कम धनादेश वटवण्यास अपुरी असल्याच्या किंवा ती रक्कम बँकेशी केलेल्या कराराद्वारे त्या खात्यातून देण्याची व्यवस्था केलेल्या रकमेहून अधिक असल्याच्या कारणास्तव बँकेने न वटवता परत केला असेल त्याबाबतीत, अशा व्यक्तीने अपराध केला असल्याचे मानण्यात येईल...’

यात व्याकरणाची चूक नाही. अडचण आहे ती ओझ्याची. इंग्रजीत विशेषण-वाक्ये नामाच्या मागून येतात. ‘चेक’ हा शब्द आधी कळतो आणि मग त्याचा तपशील एकेक करून वाढत जातो. मराठीत ‘काढलेला’, ‘ठेवलेल्या’, ‘केलेल्या’ अशी धातुसाधित विशेषणे नामाच्या आधी बसतात, आणि क्रियापद तर वाक्याच्या टोकाला. वरच्या वाक्यात ‘एखाद्या व्यक्तीने’ वाचल्यावर तिने काय केले हे ‘काढलेला’ येईपर्यंत कळत नाही. मग ‘धनादेश’ हाती येतो, पण त्याचे काय झाले हे ‘परत केला’ येईपर्यंत अधांतरी राहते. वाचकाला दोन-तीन अर्धवट गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात, आणि त्यातली एखादी सुटतेच.

त्यात सर्वनामांची भर पडते. ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने चेक देणारी व्यक्तीही ‘ती’ आणि घेणारी व्यक्तीही ‘ती’. ‘तिने तिला’ असे लिहिले की कोणी कोणाला, हे संदर्भावर सोडावे लागते. ‘ती रक्कम’ ही आणखी मोठी फसगत. वरच्या भाषांतरात ती खात्यातली शिल्लक वाटते, आणि शिल्लक मंजूर मर्यादेहून अधिक असेल तर चेक परत जाण्याचे कारणच नाही. अर्थ लागतो तो चेकची रक्कम अधिक असली तरच. मूळ इंग्रजीतही इथे सर्वनामच आहे आणि ते नेटके बसलेले नाही, परंतु भाषांतरकाराला तो सैलपणा पुढे ढकलता येत नाही. त्याने ‘चेकची रक्कम’ असे लिहिलेच पाहिजे.

तोडण्याचे काम वाक्याच्या सुरुवातीपासून करू नये. स्वल्पविराम दिसेल तिथे पूर्णविराम देत गेले, तर वाक्ये छोटी होतात, पण खोटी होतात. ‘चेक न वटता परत आला तर चेक देणाऱ्याने अपराध केला असे मानले जाईल.’ हे वाक्य सोपे आहे, पण एकटे वाचले तर चुकीचे आहे, कारण नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे चुकते केले तर गुन्हा होत नाही. ही अट चार ओळी खाली आली म्हणून आधीचा पूर्णविराम क्षम्य ठरत नाही. घाईत असलेला वाचक तिथेच थांबतो. म्हणून प्रत्येक तुकडा एकटा वाचला तरी खरा राहतो का, ही कसोटी वाक्याच्या लांबीपेक्षा महत्त्वाची.

आधी मुख्य क्रियापद शोधायचे. इथे ते ‘अपराध केला असे मानले जाईल’ हे आहे. मग ते कोणाला लागू आहे, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या अटींवर, हे वेगळे काढायचे. जॉर्ज कूड या इंग्रज कायदेतज्ज्ञाने १८४० च्या दशकात कायद्याच्या वाक्याची अशीच चिरफाड केली होती : प्रसंग, अट, कर्ता आणि कृती. त्याने सुचवलेला क्रमही हाच होता. गंमत अशी की इंग्रजीत जाणीवपूर्वक पाळावा लागणारा हा क्रम ‘जेव्हा’, ‘जर’, ‘तर’ म्हणत शेवटी क्रियापदावर येणाऱ्या मराठीच्या अंगातच आहे. ‘कर्ज फेडायला दिलेला चेक परत आला, मागूनही पैसे मिळाले नाहीत, तर गुन्हा’ असेच कोणीही मराठी माणूस सांगेल.

त्यानंतर घटनांचा क्रम लावायचा. इंग्रजी कलमात चेक मुदतीत बँकेत भरण्याची अट शिक्षेच्या नंतर येते, पण प्रत्यक्षात भरणे आधी आणि परत येणे नंतर. मराठीत काळाचा क्रम ठेवला की बरीचशी उभयान्वयी अव्यये गळून पडतात. शिवाय कलमाखालच्या स्पष्टीकरणातला, देणे कायद्याने वसूल करता येणारे असले पाहिजे हा मुद्दाही त्याच्या जागी, म्हणजे देण्याच्या उल्लेखापाशी, आणता येतो.

सर्वात अवघड भाग परंतुकाच्या आरंभी आहे. अमुक घडल्याखेरीज या कलमातील काहीही लागू होणार नाही, अशी तिथली रचना. ‘जोपर्यंत दिली नाही तोपर्यंत लागू नाही’ असे शब्दशः केले की एका वाक्यात दोन ‘नाही’ येतात. तिसऱ्या अटीत पैसे न देणे हाच मुद्दा असल्याने तिथे तिसरा नकार जमा होतो. ‘तरच’ वापरून हे सोडवावेसे वाटते, पण ‘तरच’ एवढेच सांगतो की या अटींवाचून गुन्हा होत नाही. अटी पुऱ्या झाल्या की गुन्हा होतोच, हे त्यातून ठामपणे निघत नाही. कलमाला दोन्ही म्हणायचे आहे, म्हणून दोन वाक्ये लागतात. शिवाय ‘मानले जाईल’ हे शब्द सोडता येत नाहीत; तिथे कायदा एक गोष्ट गृहीत धरत असतो.

आता सर्वनामे काढून दोन्ही पक्षांना त्यांच्या कामावरून नावे द्यायची आणि शेवटपर्यंत तीच ठेवायची. एकदा ‘चेक देणारा’ म्हटले की पुढे त्याला ‘खातेदार’ म्हणू नये. शाळेत पुनरुक्ती टाळायला शिकवतात. कायद्यात शब्द बदलला की वाचक माणूस बदलला असे समजतो. एवढे केल्यावर कलम असे होते :

या कलमात ‘चेक घेणारा’ म्हणजे ज्याच्या नावे चेक आहे तो, किंवा मोबदला देऊन चेकचा रीतसर धारक झालेला. पुढील सर्व गोष्टी घडल्या, तर चेक देणाऱ्याने अपराध केला असे मानले जाईल. त्यांतली एखादी जरी घडली नसेल, तर हे कलम लागू होणार नाही.

(१) चेक देणाऱ्याने स्वतःच्या बँक खात्यावरचा चेक दुसऱ्याला दिला. तो चेक कायद्याने वसूल करता येणारे कर्ज किंवा दुसरे देणे, पूर्ण किंवा काही अंशी, फेडण्यासाठी होता.

(२) चेकवरच्या तारखेपासून सहा महिने किंवा चेकची मुदत, यांपैकी जे आधी संपेल त्याच्या आत चेक बँकेत सादर झाला.

(३) बँकेने चेक न वटवता परत केला. त्याचे कारण, खात्यात चेकपुरती रक्कम नव्हती किंवा चेकची रक्कम बँकेशी ठरलेल्या मर्यादेहून जास्त होती.

(४) चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत चेक घेणाऱ्याने चेक देणाऱ्याला लेखी नोटीस देऊन रक्कम मागितली.

(५) ती नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत चेक देणाऱ्याने रक्कम दिली नाही.

या अपराधासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होतील. या अधिनियमातील इतर तरतुदींना या शिक्षेमुळे बाध येणार नाही.

शब्द फारसे कमी झालेले नाहीत, आणि तसा हेतूही नव्हता. फरक एवढाच की प्रत्येक क्रियापद आपापल्या कर्त्याच्या जवळ आले आणि वाचकाने एका वेळी एकच गोष्ट लक्षात ठेवली की पुरते.

सोपे करताना नकळत कायदा बदलण्याचा धोका मात्र राहतोच. तिसऱ्या मुद्द्यात ‘फक्त या दोन कारणांनी’ असे लिहिण्याचा मोह होतो, कारण मूळ कलमात दोनच कारणे आहेत. पण खाते बंद केल्यामुळे परत आलेला चेकही या कलमात बसतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिला. मुळात नसलेला ‘फक्त’ भाषांतरात आला, तर न्यायालयाने उघडे ठेवलेले दार भाषांतरकार बंद करतो. दुसरे उदाहरण मुदतीचे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशामुळे १ एप्रिल २०१२ पासून चेक तीनच महिने चालतो. म्हणजे दुसऱ्या अटीतले सहा महिने व्यवहारात तीनच ठरतात. तरीही कलमात ‘तीन महिने’ लिहिणे चूक, कारण कायद्याचे शब्द अजून सहा महिन्यांचेच आहेत. तीन महिन्यांची माहिती कलमाबाहेर टीप म्हणून द्यावी.

तपासणी उलट्या दिशेने करावी लागते. मूळ इंग्रजी बाजूला ठेवून मराठी मजकुरातून चारच गोष्टी उतरवून काढायच्या : कोणी, कोणाला, किती दिवसांत, आणि कोणत्या क्षणापासून मोजून. मग त्या मुळाशी ताडून पाहायच्या. चुका बहुधा शेवटच्या दोन गोष्टींत सापडतात. ३० दिवस चेक परत आल्याच्या तारखेपासून मोजायचे नसतात, तर ती माहिती मिळाल्यापासून. आणि १५ दिवस नोटीस पाठवल्यापासून नव्हे, मिळाल्यापासून. ‘मिळाल्यापासून’च्या जागी ‘दिल्यापासून’ पडले, तर टपालात गेलेले दिवस चेक देणाऱ्याच्या खात्यातून वजा होतात.

या फोडणीला एक मर्यादा आहे. केंद्रीय कायद्याचा राष्ट्रपतींच्या अधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला मराठी अनुवाद १९७३ च्या प्राधिकृत पाठ अधिनियमानुसार प्राधिकृत मानला जातो. वरच्यासारखी मांडणी हा त्याचा पर्याय होऊ शकत नाही. वकिलाच्या नोटिशीत, तक्रारीत किंवा न्यायालयात कलमाचे शब्द द्यायचे असतील तेव्हा ते प्राधिकृत पाठातलेच, त्याच खंडांच्या क्रमाने द्यावे लागतात. माहितीपत्रक, बँकेच्या शाखेतला फलक, ग्राहक मार्गदर्शन केंद्राची पुस्तिका किंवा वृत्तपत्रातला लेख यांसाठी फोडलेले रूप वापरावे आणि सोबत कलमाचा क्रमांक द्यावा, म्हणजे ज्याला मूळ पाहायचे आहे त्याला ते सापडेल.