मोबाईलवर भावाची घंटी वाजली, आता काय करायचं? (बचत गटासाठी समजावणीचा पाठ)



सायखेड्यातल्या एका महिला बचत गटापुढे बोलण्यासाठी हा पाठ तयार केला होता. गटातल्या बऱ्याच जणींच्या मोबाईलवर आता सोन्याच्या भावाची सूचना येते. 'दर खाली आला' अशी घंटी वाजली की लगेच प्रश्न येतो, "सर, आता घेऊन टाकू का?" त्या प्रश्नाचं उत्तर इथे टप्प्याटप्प्याने मांडलं आहे. सातवी-आठवीच्या शेकडेवारीसाठीही त्याचा उपयोग होईल.

सुरुवात कांद्यापासून

सोन्याआधी कांद्याबद्दल विचारायचं, कारण ते सगळ्यांना ठाऊक असतं. सायखेड्याच्या उपबाजारात लिलाव झाला की भाव तीन आकड्यांत लिहिला जातो: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. समजा आज किमान ५००, कमाल १८०० आणि सर्वसाधारण १२०० रुपये क्विंटल आहे. मोबाईलवर '१२००' आलं, म्हणून आपल्या ट्रॅक्टरला १२०० मिळतीलच का? सगळ्या जणी एका सुरात 'नाही' म्हणतात. माल कसा आहे, ओला आहे की सुका, गोलटी किती, यावर आपला भाव ठरतो. मोबाईलवरचा आकडा बाजाराचा असतो, आपल्या मालाचा नसतो.

सोन्याच्या सूचनेचंही हेच आहे. फक्त तिथे हा फरक डोळ्यांना दिसत नाही.

सूचना म्हणजे नेमकं काय?

आपण अ‍ॅपला सांगून ठेवतो, 'दर अमुक रुपयांच्या खाली गेला की कळव.' अ‍ॅप ठराविक वेळाने दर बघतं, तो त्या रेषेच्या पलीकडे गेला की घंटी वाजवतं. त्याचं काम एवढंच. दर का उतरला, उद्या आणखी उतरेल का, हे त्याला कळत नाही. आपल्याकडे पैसे आहेत की नाहीत, हेही त्याला ठाऊक नसतं.

२३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं, आणि त्याच दिवशी देशातला दर कोसळला. असा निर्णय आधी ओळखणं सूचनेच्या हातात नसतं. ती वाजते तेव्हा घडायचं ते घडून गेलेलं असतं. दर एकदम उतरला, तर घंटी वाजेपर्यंत तो आपण सांगितलेल्या रेषेच्या बराच खाली गेलेला असू शकतो.

एका ग्रॅमचा हिशोब

आता फळ्यावर हिशोब मांडू. आकडे सोपे जावेत म्हणून सूचनेतला दर १०,००० रुपये ग्रॅम धरू. हा दर बहुतेक वेळा २४ कॅरेटचा, म्हणजे शुद्ध सोन्याचा असतो. दागिना मात्र सहसा २२ कॅरेटचा असतो. त्यावर ९१६ असा शिक्का असतो, म्हणजे १००० भागांत ९१६ भाग सोनं.

एक ग्रॅमच्या दागिन्यातलं सोनं: ९,१६० रुपये
घडणावळ १० टक्के धरली तर: ९१६ रुपये
दोन्ही मिळून: १०,०७६ रुपये
त्यावर ३ टक्के जीएसटी: सुमारे ३०२ रुपये
आपल्या खिशातून गेले: सुमारे १०,३७८ रुपये

दुसऱ्या दिवशी अडचण आली आणि तोच दागिना मोडायला नेला. दर तेवढाच आहे. सोनार फक्त सोन्याचे पैसे देईल, म्हणजे जास्तीत जास्त ९,१६०. काही ठिकाणी वर घटही कापतात. घडणावळ आणि जीएसटी परत मिळत नाहीत. म्हणजे दर एक रुपयाही न उतरता १,२१८ रुपये गेले.

आपले पैसे नुसते भरून निघायला सूचनेतला दर १०,००० वरून ११,३३० व्हायला हवा. त्यामुळे 'सोनं ५ टक्क्यांनी वाढलं' अशी सूचना आली, तरी आपण अजून तोट्यातच असतो. सूचना खोटं सांगत नाही, पण आपण काय दिलं हे तिला माहीत नसतं. हा हिशोब आपणच वहीत लिहून ठेवायचा.

गटाचं कर्ज काढून घ्यावं का?

खरी जोखीम इथे आहे. दर उतरल्याची घंटी वाजते, हातात पैसे नसतात, म्हणून गटातून उचल घ्यावीशी वाटते. अनेक गटांत अंतर्गत कर्जाला महिना २ टक्के व्याज असतं. १०,३७८ रुपयांवर महिन्याला सुमारे २०८ रुपये झाले. मुद्दल वर्षभर तसंच राहिलं तर व्याज सुमारे २,४९० रुपये होतं. मग पैसे भरून निघायला दर १४,०४९ रुपयांपर्यंत जायला हवा, म्हणजे एका वर्षात ४० टक्क्यांहून जास्त वाढ.

अशी वाढ कधीच होत नाही असं नाही. पण ती होईल असं धरून कर्ज काढणं म्हणजे बचत नव्हे. शिवाय तेवढे दिवस गटाचा पैसा अडकतो, आणि एखादीला दवाखान्यासाठी लागला तर पेटीत नसतो.

"पण सर, दागिना अंगावर घालायला मिळतो ना!" असं कुणीतरी म्हणतंच, आणि ते खरंही आहे. हौसेसाठी घेतलेल्या दागिन्याचा हिशोब वेगळा. मात्र हौस आणि बचत एकाच खात्यात लिहू नये.

मग सूचनेचा उपयोग काय?

उपयोग आहे. घरात लग्न ठरलंय, सोनं घ्यायचंच आहे आणि पैसेही बाजूला काढलेले आहेत, तर रोज चौकशी करण्याचा त्रास वाचतो. दुकानात जाण्याआधी त्या दिवसाचा दर माहीत असतो, त्यामुळे पावतीवर सोन्याचा दर किती आणि घडणावळ किती लावली, हे वेगवेगळं विचारता येतं. मोडायला जाताना तर हे फारच कामाला येतं.

त्यासाठी एक सवय लावून घ्यावी. सूचना लावण्याआधी वहीत दोन ओळी लिहायच्या: 'घंटी वाजली तर मी काय करणार? त्यासाठी पैसे कुठून येणार?' दुसऱ्या ओळीत 'कर्ज' आलं, तर ती सूचना लावूच नये.

आणखी एक गोष्ट नीट ओळखायला हवी. सूचना फक्त आकडा सांगते. 'उद्या दर वाढणार, आजच या लिंकवर पैसे भरा' असं लिहिलेलं असेल, तर ती भावाची सूचना नाही, कुणीतरी आपल्याला पैसे भरायला लावतंय. अशी लिंक उघडायची नाही आणि ओटीपी कुणालाच सांगायचा नाही.

वर्गासाठी उदाहरण

मुलांना हे गणित घरी आईबरोबर सोडवायला द्या: २४ कॅरेटचा दर १०,००० रुपये, दागिना २२ कॅरेटचा, घडणावळ १५ टक्के आणि जीएसटी ३ टक्के. एक ग्रॅमला किती पैसे द्यावे लागतील? ते भरून निघायला दर किती व्हायला हवा?

उत्तर: सुमारे १०,८५० रुपये द्यावे लागतील आणि दर ११,८४५ रुपये व्हायला हवा.

घरात जुनी पावती असेल तर तिच्यावरच्या आकड्यांनी हेच गणित पुन्हा करायला सांगा.