फलकावर किती टक्के लिहायचे?

दहावीचा निकाल दुपारी एकच्या सुमारास ऑनलाइन लागतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौकाचौकांत क्लासचे फ्लेक्स झळकलेले असतात. मधल्या काही तासांत सर फोनवर गुण विचारून घेतात, व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो मागवतात, मिळाला नाही तर मुलीच्या आईच्या डीपीवरूनच घेतात, आणि सगळे फ्लेक्सवाल्याकडे पाठवून देतात. फलकावरच्या बहुतेक चुका या घाईत होतात. त्यांतली पहिली चूक टक्क्यांत होते, कारण एकाच गुणपत्रिकेतून वेगवेगळे टक्के काढता येतात.

समजा, राज्य मंडळाच्या एका मुलीला मराठीत ९४, संस्कृतमध्ये १००, इंग्रजीत ९१, गणितात ९७, विज्ञानात ९६ आणि सामाजिक शास्त्रात ९८ गुण मिळाले. सहा विषयांची बेरीज ५७६, म्हणजे ६०० पैकी ९६ टक्के. पण मंडळाची टक्केवारी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने ठरते. सर्वांत कमी गुणांचा विषय, म्हणजे इथे इंग्रजी, वगळला की ५०० पैकी ४८५ राहतात आणि टक्के होतात ९७. तिला चित्रकलेच्या परीक्षेचे पाच वाढीव गुण मिळालेले असले, तर ४९० होऊन टक्के ९८ वर जातात. आता हा क्लास फक्त गणित आणि विज्ञान शिकवत असेल, तर त्याच्याशी संबंध असलेले गुण दोनशेपैकी १९३, म्हणजे साडेशहाण्णव टक्के.

चारही आकडे खरे आहेत. फलकावर मात्र ९८ मोठ्या अक्षरांत येतात आणि त्याखाली झळकते ‘संस्कृत १००/१००’, जो विषय क्लासमध्ये कधी शिकवलाच गेला नाही. वाढीव गुण त्या मुलीने कष्टाने मिळवलेत, ते लपवावेत असे मी म्हणत नाही. पण ते क्लासने दिलेले नाहीत. ‘४८५/५००, शिवाय कलेचे ५ गुण’ असे लिहिले की मुलीचा मान राहतो आणि वाचणाऱ्या पालकालाही नेमके कळते. त्याच्या जोडीला क्लासने शिकवलेल्या विषयांचे गुण द्यावेत. आपल्या मुलाला त्या क्लासला घालायचे की नाही, हे ठरवणाऱ्या पालकाला तेच हवे असतात.

‘तालुक्यात प्रथम’ हे शब्द तर सोडूनच द्यावेत. राज्य मंडळ आता गुणवत्ता यादी जाहीर करत नाही आणि सीबीएसईही करत नाही. प्रत्येक शाळेला आपापल्या मुलांचे गुण माहीत असतात, पण तालुक्यातल्या सगळ्या मुलांचे गुण एकत्र पाहिलेला माणूस कोणत्याही क्लासमध्ये नसतो. ‘आमच्या क्लासमध्ये सर्वाधिक’ एवढेच म्हणता येते.

आता मुलांच्या संख्येचे बघू. समजा, या क्लासमध्ये वर्षभर शिकलेले ३८ विद्यार्थी होते आणि त्यांतल्या सातजणांना नव्वदच्या वर गुण मिळाले. शिवाय जानेवारीपासून फक्त सराव परीक्षा द्यायला आलेले २५ होते, त्यांतल्या सहाजणांना नव्वदच्या वर मिळाले. फलकावर सरळ तेरा फोटो लागतात आणि एकूण किती मुले होती हा आकडा कुठेच नसतो. ३८ पैकी ७ हे काही लाजिरवाणे प्रमाण नाही. पण १३ आणि त्यामागे किती हे गुलदस्त्यात, यातून पालकाच्या मनात खोटेच चित्र उभे राहते. एकूण आकडा नसलेला फलक दिसला, की पालकांनी तो सरांना जरूर विचारावा.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांचा रोख इथेच आहे. पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या क्लासला ती लागू होतात. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापायचा, तर त्याने कोणता कोर्स घेतला, तो किती काळाचा होता आणि फी भरून होता का, हे सोबत ठळकपणे सांगावे लागते. खुलासा खाली बारीक अक्षरांत ढकलून चालत नाही, तो दाव्याइतक्याच मोठ्या अक्षरांत हवा. आणखी एक महत्त्वाची अट अशी, की नाव-फोटो वापरण्याची संमती यश मिळाल्यानंतरच घ्यायची. प्रवेश अर्जाच्या तळाशी ‘फोटो वापरण्यास हरकत नाही’ अशी ओळ घालून जूनमध्ये घेतलेली सही मे महिन्याच्या फलकाला पुरत नाही. मला ही अट फार योग्य वाटते. प्रवेशाच्या वेळी पालक जागा मिळवायला आलेला असतो, तेव्हा तो नाही म्हणूच शकत नाही.

दहावीची मुले पंधरा-सोळा वर्षांची असतात, म्हणून संमती पालकांचीच लागते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे आणि त्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. पण मुलीला स्वतःलाही विचारावे. बाबा अभिमानाने हो म्हणतात आणि मुलीला चौकात फोटो नको असतो, असे घरोघरी घडते. संमतीचा कागद अर्ध्या पानाचा पुरतो, मात्र त्यात नाव, फोटो आणि गुण यांना वेगवेगळे हो-नाही असावे. दुकानाबाहेरचा फलक, वर्तमानपत्र आणि इन्स्टाग्राम यांनाही वेगवेगळे असावे, आणि फलक कोणत्या तारखेला उतरवणार तेही लिहावे. गावातला फलक महिन्याने निघतो, पण इन्स्टाग्रामवरचा फोटो पाच वर्षांनीही सापडतो. या दोन्हींना एकच सही पुरत नाही.

यातली सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे गुणपत्रिकेचा फोटो. पुरावा म्हणून क्लासवाले तो जसाच्या तसा टाकतात. राज्य मंडळाचा निकाल पाहायला बैठक क्रमांक आणि आईचे नाव एवढेच लागते आणि गुणपत्रिकेवर दोन्ही छापलेले असतात. मुलीने फक्त गणिताचे गुण सांगायला होकार दिला असला, तरी त्या एका फोटोवरून कोणीही तिचा पूर्ण निकाल काढू शकतो. पुरावा हवाच असेल, तर गुणपत्रिकेची प्रत क्लासच्या कपाटात ठेवावी. फलकावर बैठक क्रमांक, आईचे नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर यांचे काही काम नाही.

ज्यांचे गुण कमी आले, त्यांचाही विचार याच वेळी करावा लागतो. पालकांच्या गटावर साठ टक्क्यांच्या वरच्या ३१ जणांची यादी टाकली, तर उरलेले सातजण कोण हे हजेरी ठाऊक असलेल्या कोणालाही लगेच कळते. त्या सातजणांची नावे कुठेच लिहिलेली नसतात, तरी ती उघड होतात. म्हणून गटावर फक्त आकडे द्यावेत आणि प्रत्येकाचे गुण ज्याच्या त्याच्या पालकांना वेगळे कळवावेत.

या सगळ्यानंतर आपल्या क्लासचा फलक असा होतो: ‘दहावी. वर्षभर शिकलेले विद्यार्थी ३८, सर्व उत्तीर्ण. ९० टक्के व अधिक ७. फक्त सराव परीक्षांचे विद्यार्थी २५, त्यांत ९० टक्के व अधिक ६. क्लासमध्ये सर्वाधिक ४८५/५००, शिवाय कलेचे ५ गुण. गणित ९७, विज्ञान ९६.’ त्याखाली पालकांनी हो म्हटलेली नावे. गुणपडताळणीत किंवा पुनर्मूल्यांकनात कोणाचे गुण बदलले, तर सर्वाधिक गुणांची ओळही बदलावी लागते. म्हणून ती वेगळ्या पट्टीवर छापून घेतलेली बरी.

पहिली आलेली मुलगीच नाव नको म्हणाली तर ‘एक विद्यार्थिनी’ असे लिहिता येते, पण तिची शाळा लिहायची नाही, नाहीतर ती लगेच ओळखली जाते. ती ओळही तिला आणि तिच्या पालकांना आधी वाचून दाखवावी. तरीही नको म्हणाले, तर सर्वाधिक गुणांची ओळ गाळून बाकीचे आकडे छापायला द्यावेत.